कूलर गेला, शिट्टी राहिली

मे महिन्यात जळगावात कूलरशिवाय झोप नाही आणि कूलर लावला की त्याच्या आवाजाने झोप नाही. आमचा कूलर पत्र्याचा, आवाजाने पिठाच्या गिरणीच्या नात्यातला. यंदा भाच्याने त्याचे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन माझ्याकडे ठेवले. कानावर चढवले, बटण दाबलं आणि कूलरची घरघर अशी गेली, की पंखा बंद पडला की काय म्हणून मी आधी वर पाहिलं. पंखा फिरत होता. पण आतल्या खोलीतून आईचं "तुले ऐकू येस का नही?" मात्र स्पष्ट आलं. पाठोपाठ कुकरची शिट्टीही आली.

मशीनची ही आवडनिवड काही दिवस डोक्यात घोळत राहिली.

हेडफोनच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक माइक असतो. तो बाहेरचा आवाज टिपतो, आतली चिप त्याची उलटी लाट बनवते आणि कानाजवळचा स्पीकर ती सोडतो. हवेचा दाब जिथे वाढणार तिथे ही लाट तो तेवढाच कमी करते. आखाजीच्या झोक्यासारखंच हे: झोका येतो त्याच क्षणी उलटा रेटा दिला तर तो थांबतो, रेटा उशिरा पडला तर उलट जास्त उंच जातो. कल्पना जुनी आहे. पॉल ल्युग नावाच्या जर्मन माणसाला तिचं अमेरिकन पेटंट 1936 मध्ये मिळालं, पण तेव्हाच्या उपकरणांना हे वेळेचं गणित झेपणारं नव्हतं.

सगळी गोम या वेळेतच आहे. कूलरची मोटर मिनिटाला साधारण 1400 फेरे घेते आणि आमच्या पंख्याला चार पाती, म्हणजे हवेला सेकंदाला सुमारे 93 धक्के. एक लाट पुरी व्हायला जवळजवळ 11 मिलिसेकंद लागतात. हिशेबापुरतं धरू, की उलटी लाट एक दशांश मिलिसेकंद उशिरा पोचली. 11 मिलिसेकंदांच्या संथ लाटेत एवढ्याशा उशिराने फारसं बिघडत नाही; लाटेची उंची शंभरातली सहाच उरते. सेकंदाला 1000 कंपनांच्या आवाजात मात्र तेवढ्याच उशिराने शंभरातले बासष्ट उरतात. 1700 च्या आसपास काहीच फायदा नाही. आणि कुकरची शिट्टी 3000 ची धरली, तर उलटी लाट तिला मदत करायला लागते, शिट्टी आणखी मोठी होते! म्हणून बनवणारे शहाणपणाने वरच्या पट्टीत चिपला हात आखडता घ्यायला लावतात. तिथलं काम कानाभोवतीची जाड गादी करते, तिच्या कुवतीप्रमाणे. आणि घरघर गेल्यामुळे तिच्याखाली दबलेले शब्द उलट नीट ऐकू येतात. आईला हे सांगितलं नाही.

गादीचं दुसरंही काम आहे. चष्म्याच्या दांडीने तिच्यात फट पडली, की खालच्या पट्टीचा आवाज आत शिरतो आणि स्पीकरची उलटी लाट बाहेर गळते. कपावर हलकेच हात दाबून पाहावा. घरघर एकदम कमी झाली तर फट आहे, मशीन ठीक आहे.

कूलरसमोरच बसणाऱ्याला आणखी एक गंमत भेटते. झोत थेट माइकवर आला की तिथे हवा फडफडते. ती फडफड माइकच्या तोंडाशीच असते, कानापर्यंत तशी पोचत नाही, पण चिप तिची उलटी लाट बनवून इमानदारीने कानात सोडते. म्हणजे नसलेला आवाज घालवण्यासाठी नवा आवाज. बोटाने माइक झाकला की तो थांबतो, यावरून ओळखावं आणि खुर्ची जराशी बाजूला घ्यावी.

शिरपूरचे मामा आले तेव्हा त्यांनी हेडफोन लावून पाहिले आणि थेट मुद्द्यावर आले. "मग हे कूलरलाच लाव ना भो, सगळं घर शांत होईल."

प्रश्न खरा होता. पण 93 कंपनांच्या लाटेची लांबी भरते पावणेचार मीटर. खोलीत स्पीकर ठेवून खाटेजवळ आवाज मारला, तर कूलर आणि स्पीकर यांच्यापासूनची अंतरं बदलल्यावर दोन-चार पावलांवर तीच लाट कूलरच्या लाटेला जोड देते. तिथे बसलेल्याला घरघर जास्त ऐकू येते. भिंतींवरून परतणाऱ्या लाटांनी गोंधळ आणखी वाढतो. कानाजवळची पोकळी लाटेच्या मानाने एवढीशी, म्हणून तिथे मेळ बसतो.

मामांनी मान हलवली, कूलरची मागची जाळी उघडली आणि पंख्याच्या बेअरिंगला मशीनचं तेल सोडलं. हेडफोनने जिला हातही लावला नव्हता, ती वरची किरकिर तेवढ्याने गेली.