वेळ कापली तरी टिकेल असा भाषणाचा शेवट

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात १२ जुलैला पानशेतच्या पुरावर बोलायचं होतं. वेळ वीस मिनिटं. पण पुण्यातल्या कार्यक्रमांत सत्कार लांबले की कात्री वक्त्याच्याच वेळेला लागते, हे अनेकदा पाहिलंय. म्हणून या वेळी भाषणाआधी शेवटच लिहायला घेतला. भाषण कुठेही तुटलं तरी तो परिच्छेद उभा राहिला पाहिजे, एवढीच अट.

पहिला खर्डा असा होता: "रात्रभर पोती रचणारे ते जवान, गच्चीवर चढलेले ते शेजारी आणि गोखलेनगरला नव्याने संसार मांडणारी ती कुटुंबं, या तिघांनी आपल्याला जे शिकवलं ते विसरू नका."

ऐकायला छान. पण समोरच्या घरातल्या काकूंना मी भाषण न ऐकवता फक्त हा शेवट वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "कुठले जवान गं? आणि शिकवलं काय?" त्यांचे दोन्ही प्रश्न योग्य होते. जवानांचा भाग माझ्या भाषणात दहाव्या मिनिटाला येत होता आणि गोखलेनगरचा पंधराव्या. आठव्या मिनिटाला चिठ्ठी आली असती, तर 'ते' आणि 'या तिघांनी' हे शब्द अधांतरी लटकले असते. शिवाय खरं सांगणं त्या वाक्यात नव्हतंच. ते मधल्या भागावर सोपवलेलं होतं.

मग शेवट उलट्या बाजूने लिहिला. आधी अगदी शेवटचं वाक्य, जे काही झालं तरी बोलायचंच: "भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली, की फोटो काढायला जाण्याआधी नदीकाठच्या आपल्या माणसाला फोन करा." दहाएक सेकंदांचं काम. पुण्यात हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

त्याच्या आधी गाभा लिहिला: "१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, आणि पेठांतल्या अनेकांना पाणी दारात आल्यावरच कळलं. आज खडकवासल्यातून किती क्युसेक पाणी सोडलंय हे आपल्याला मोबाईलवर कळतं. पण आकडा कळणं वेगळं आणि शेजारच्या एकट्या आजींना वरच्या मजल्यावर नेणं वेगळं." यातलं एकही वाक्य मधल्या भागावर टेकलेलं नाही. सावकाश बोलले तरी शेवटच्या वाक्यासकट एका मिनिटात बसतं.

जवान मला सोडवत नव्हते. धरण खचतंय हे दिसल्यावर त्यांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून ते अंधारात न फुटता सकाळी फुटलं. किती जीव त्यामुळे वाचले असतील! म्हणून त्यांच्यावरची दोन वाक्यं गाभ्याच्या वर, वेगळ्या शाईने लिहिली. पूर्ण वेळ मिळाला तर वरून सुरुवात करायची, नाहीतर थेट गाभ्यावर यायचं. कापायचं ते नेहमी वरून. तळाला हात लावायचा नाही.

एक अडचण उरली, ती सांध्याची. भाषणाच्या कुठल्याही वाक्यावरून गाभ्यावर उडी मारली की झटका बसतो. त्यासाठी "हे सगळं आज का आठवायचं, तर…" एवढं वाक्य पाठ केलं. ते पुराच्या वर्णनालाही जोडता येतं आणि पुनर्वसनालाही. आभार आणि मान्यवरांची नावं सुरुवातीलाच उरकली, कारण घाईत तीच शेवटच्या वाक्याची जागा खातात.

प्रत्यक्षात पाहुणे उशिरा आले. लकडी पुलापर्यंत चढलेल्या पाण्याचं सांगत असताना संयोजकांनी खुणेने दोन बोटं दाखवली. हातातलं वाक्य पुरं केलं, एक श्वास घेतला, "हे सगळं आज का आठवायचं, तर" म्हटलं आणि गाभ्यावर आले. वेळ कमी पडल्याचं बोलले नाही. ते उच्चारलं की श्रोते घड्याळाकडे बघतात आणि आपलाही वेग वाढतो. वेग मुद्दाम तोच ठेवला. जवानांची वाक्यं गेली, त्याची हळहळ वाटली. नंतर चहाच्या वेळी एका आजोबांनी पोत्यांचा विषय काढला, तेव्हा ती तिथे सांगितली.

ही रचना सगळ्या भाषणांना चालेल असं नाही. एकच गोष्ट रंगवून सांगायची असेल आणि तिचा उलगडा अखेरीस असेल, तर गाभा असा सुटा काढता येत नाही. तिथे उलगडाच पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाकावा आणि 'हे घडलं कसं' यावर बाकीचं भाषण चालवावं. पुढच्या महिन्यात कात्रजच्या पेशवेकालीन नळावर बोलायचंय, ते मी याच पद्धतीने लिहितेय: शनिवारवाड्याला पाणी कात्रजच्या तलावातून यायचं, हे पहिल्याच वाक्यात.