टरफलाच्या रंगाची वही: तांबडीचं पट्ट्याचं अंडं

मागच्या वेळी लिहिलं होतं की पेंटच्या दुकानातून शेड कार्ड आणून त्यातल्या पाच पट्ट्या कापून घेतल्यात. १ म्हणजे दुधासारखा पांढरा, ५ म्हणजे भाजलेल्या विटेचा. रोज अंडं उचललं की पट्टीशेजारी धरायचं, नंबर आणि वेळ वहीत लिहायची. घरच्यांना हा रिकामटेकडेपणा वाटतो. पण तीन महिन्यांत एवढं कळलंय की प्रत्येक कोंबडीचा आपला एक नंबर असतो आणि ती त्याच्या आसपासच राहते. आता अंडं बघून कुणाचं ते मी खुराड्यात न वाकता सांगते.

खुराड्यात सध्या सात जणी आहेत. पांढरी लेगहॉर्न १ वर. दोन गावरान, एक २ आणि एक अडीच. कडकनाथ २, आणि हो, अंडं काळं नसतं. मटण काळं, हाडं काळी, पण टरफल सायीच्या चहासारखं. ‘काळं अंडं’ म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर सरळ पुढं जा. तांबडी म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, ४, कधी साडेचार. तिची बहीण साधारण ४. आणि सातवी मोरणी, तिचं अंडं हिरवट. तिचा नंबर माझ्या पट्टीवर बसतच नाही.

शेजारच्या मावशी मात्र तांबडीचीच अंडी मागतात. "तांबडं ते गावरान, त्यात ताकद जास्त," हे त्यांचं पक्कं. आमच्या खऱ्या गावरान कोंबडीचं फिकट अंडं त्यांना दिलं तर म्हणाल्या, "हे बॉयलरचं वाटतंय गं." बलकाचा रंग खाण्यावर जातो, मका आणि पाला जास्त मिळाला की पिवळं गर्द होतं. टरफलाचा रंग आतल्या मालाबद्दल काहीच सांगत नाही. सांगतो तो कोंबडीबद्दल: ती कुठल्या जातीची आणि काही वेळा तिची सकाळ कशी गेली, हेही.

आधी रंग कुठून येतो ते, कारण पुढची गंमत त्यावरच आहे. अंडं बनायला साधारण पंचवीस तास लागतात. त्यातले वीसेक तास ते टरफल बनवणाऱ्या पिशवीत असतं. तिथं त्याच्यावर चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चढत जातो. चुना सगळ्यांचा पांढराच. मूळ अंडं सगळ्यांचंच पांढरं म्हणा ना. तपकिरी कोंबड्या शेवटच्या काही तासांत त्यावर रंगाचा हात मारतात. तो रंग प्रोटोपॉर्फिरिन. रक्तातलं हीम ज्या साखळीत बनतं त्यातलाच हा पदार्थ, फक्त लोह बसायच्या आधीचा. बहुतेक रंग वरवरच्या थरातच असतो, म्हणून तपकिरी अंडं फोडलं की आतून टरफल पांढरं दिसतं.

निळ्याचं उलटं. तो बिलिव्हर्डिन, हीम मोडल्यावर जे उरतं ते. मुका मार बसल्यावर चार दिवसांनी कातडी हिरवट पडते ना, त्याच कुळातला. हा टरफलाच्या पूर्ण जाडीत मुरलेला असतो, आतूनही निळा. अराउकाना वगैरे दक्षिण अमेरिकेतल्या कोंबड्या आणि चीनमधली डोंगशियांग यांच्यात हा गुण आहे. २०१३ साली कळलं की दोन्हीकडं एकाच जनुकाशेजारी एका जुन्या विषाणूचा तुकडा घुसून बसल्यानं हे झालं, आणि तेही दोन्हीकडं वेगवेगळं. गुण प्रभावी आहे, आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो.

मोरणी सांगलीच्या एका मित्राकडून तलंग असताना आणली. बापाकडून निळ्याचा गुण, आई तपकिरी अंड्याची. मग हिरवं कसं, ते एका रविवारी घरीच बघितलं. तिचं अंडं आणि तांबडीचं अंडं दोन वाट्यांत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवलं. लगेच बुडबुडे सुटले. पाच-सात मिनिटांनी अंगठ्यानं चोळलं तर तांबडीचा तपकिरी थर ओल्या भुश्यासारखा बोटाला आला आणि खाली फिकट, जवळजवळ पांढरं टरफल निघालं. मोरणीच्या अंड्याचाही वरचा थर तसाच निघाला, पण खाली पांढरं नाही, स्वच्छ आकाशी. आत निळं आणि वर तपकिरी हात, म्हणून लांबून हिरवं. व्हिनेगर न वापरता बघायचं असेल तर ऑम्लेट करताना टरफल उलटं करून उजेडात धरा, आतून निळसर दिसेल.

आता मुद्द्याची नोंद.

अनंत चतुर्दशी. आमचं घर विसर्जनाच्या इराणी खाणीकडं जाणाऱ्या रस्त्याला. बाराला स्पीकर बंद झाले तेव्हा वाटलं झोपू. सकाळी सहाला पुन्हा सुरू. खिडकीच्या काचा थरथरत होत्या, खुराड्यात सगळ्या कोपऱ्यात एकावर एक. तांबडी रोज आठच्या आसपास अंडं घालते. म्हणजे सहा वाजता तिच्या पोटात अंडं तयार होतं आणि त्यावर रंगाचा शेवटचा हात चालू होता. आठला ती खोक्यात गेली, दोन मिनिटं बसली, उठली. साडेनऊला पुन्हा तेच. घाबरलेली कोंबडी अंडं रोखून धरते. शेवटी चार वाजता घातलं.

वहीत काय लिहावं कळेना. एका टोकाकडून तपकिरी, दुसऱ्या टोकावर पिठी भुरभुरल्यासारखी राखाडी साय, आणि कमरेला एक सीमारेषा, जशी भिंतीला अर्ध्यापर्यंत चुना मारल्यावर दिसते. नंबर ४ खाली, वर २. पीठ ओल्या कापडानं निघेना. म्हणजे घाण नव्हती, चुनाच होता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास तिनं पुढचं अंडं घातलं. ते एका बाजूनं चपटं, टेबलावर ठेवलं तर गडगडत नाही. दोन्ही शेजारी ठेवली तेव्हा डोक्यात उजेड पडला. पहिलं अंडं रोखलं तरी पुढचा बलक ठरल्या वेळी, साडेआठच्या आसपास, सुटला असणार. त्याला पिशवीपर्यंत यायला चार-पाच तास लागतात, म्हणजे दुपारी एकच्या सुमारास तो दारात हजर. पहिलं अजून आतच! एकपासून चारपर्यंत दोन अंडी एका पिशवीत दाटीवाटीनं. पहिल्याचं टरफल कडक होतं, दुसरं अजून नुसत्या पापुद्र्यातलं मऊ, म्हणून ते चेपून चपटं झालं. पहिल्याच्या उघड्या भागावर जादा चुना चढत राहिला, जिथं दोन्ही चिकटून होती तिथं चढला नाही. तीच ती सीमारेषा. परदेशात या जोडीवर अभ्यास झालाय. पट्ट्याचं अंडं आणि चपटं अंडं, एकामागोमाग एक, ही रोखून धरल्याची खूण धरतात.

स्पीकरच्या त्याच दिवशी पांढरीनंही उशिरा घातलं, बाराला. वहीत ‘१, नेहमीसारखं’ असंच लिहिणार होते. मग बोट फिरवलं तर खरखरीत लागलं, खडूसारखं. तिच्यावरही जादा चुना चढला होता, फक्त पांढऱ्यावर पांढरा. ती काही कमी घाबरली नव्हती. तिचं अंडं दाखवत नाही एवढंच.

तांबडी चौथ्या दिवशी ४ वर परत आली.

हे एकीचं झालं. सगळ्या तपकिरी एकदम फिकट पडल्या तर कारण वेगळं शोधायचं. श्रावणात माझ्याकडं लेयरचं खाद्य संपलं आणि दुकानात जे होतं ते ब्रॉयलरचं पोतं आणलं. तीन दिवसांत तांबडी ४ वरून २, बहीण दीडवर. अंड्यांची संख्या तेवढीच, टरफल टणक, कोंबड्या टुणटुणीत. पोत्यावरची चिठ्ठी वाचली तर त्यात नायकार्बाझिन. रक्ती हगवणीसाठी ब्रॉयलरच्या खाद्यात घालतात, ते टरफलाचा रंग थांबवतं. अंडी देणाऱ्यांना ते द्यायचंच नसतं. पोतं बाजूला केलं, त्या दिवसांतली अंडी आम्ही खाल्ली नाहीत, आठवड्यात रंग परतला. पांढरीच्या अंड्यावर या सगळ्याचा पत्ताही नव्हता.

पण फिकट रंगासोबत टरफल पातळ, बिनटरफली अंडी, संख्या घटलेली, कुणी शिंकतंय, असं दिसलं तर ते खाद्याचं नाही. ब्राँकायटिससारख्या रोगात रंग आधी जातो. तेव्हा वही मिटून पशुवैद्याला गाठायचं. आणि वयानंही फिकट होतंच: अंडं मोठं होत जातं, रंग तेवढाच, मग पातळ पसरतो.

यूव्ही टॉर्चनं रंगवलेलं अंडं ओळखता येतं का, असं विचारलं होतं कुणीतरी. माझ्याकडची शेतात विंचू बघायला नवऱ्यानं आणलेली, ३९५ नॅनोमीटरची. अंधाऱ्या खोलीत तांबडीच्या ताज्या अंड्यावर मारली तर निखाऱ्यासारखं लाल चमकतं. प्रोटोपॉर्फिरिनचाच गुण तो. मग पांढरीचं एक अंडं चहाच्या उकळलेल्या पाण्यात रात्रभर ठेवून ‘गावरान’ केलं. दिवसा मावशीसुद्धा फसल्या. टॉर्चखाली मात्र मळकट, लाल निखारा नाही. बाजारातला संशय फिटवायला बरं आहे, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कोऱ्या पांढऱ्या अंड्यालाही कधी पुसट गुलाबी झाक येते, कारण थोडा रंग त्यातही असतो. आणि उन्हात पडून राहिलेलं खरं तपकिरी अंडंही मंद चमकतं, उजेडानं तो रंग उडतो. म्हणून शेजारी ओळखीचं ताजं अंडं ठेवूनच तुलना करायची.

कानाच्या पाळीचं: पांढरी पाळी म्हणजे पांढरं अंडं, लाल पाळी म्हणजे तपकिरी, असं वडगावच्या बाजारात विकणारा छातीठोक सांगतो. लेगहॉर्न आणि तांबडीला लागू पडतं. मोरणीची पाळी लाल आहे.

सध्या तांबडी पिसं झाडतेय. अकरा दिवस खोकं रिकामं, मानेवर नुसत्या काड्या उभ्या. झडून झाल्यावर पहिली अंडी पुन्हा गर्द येतात म्हणतात. ५ ची पट्टी खोक्याच्या फळीवर टाचून ठेवलीय.