शिल्लक चार, कपाटात पाच

संध्याकाळी तारखेचा शिक्का पुसून ठेवला, रोकड आणि तिकिटे मोजून झाली, की मी शिल्लक पार्सलांचे रजिस्टर उघडतो. कालची शिल्लक सहा, सकाळच्या थैलीतून आलेली नऊ, म्हणजे पंधरा. त्यातली दहा वाटली गेली, एक प्रेषकाकडे परत गेले, म्हणजे चार उरायला हवीत. कपाटात पाच निघाली.

एखादे पार्सल कमी भरले तर घाम फुटतो खरा, परंतु मला जास्तीच्या पार्सलाचीच धास्ती अधिक वाटते. हरवलेल्याची चौकशी करायला कोणीतरी खिडकीशी येते. रजिस्टरात ‘दिले’ झालेले आणि कपाटात पडून राहिलेले पार्सल मात्र कोणाच्या हिशेबात नसते.

तेरा अक्षर-अंकांचा पूर्ण क्रमांक या वेळी कोण वाचतो? शेवटच्या दोन अक्षरांआधीचे चार अंक तेवढे मी जुळवत जातो. पाचव्याशी चूक सापडली. एकाच गावचे, एकाच आडनावाचे दोन ग्राहक एकाखाली एक लिहिलेले होते आणि वाटपाची खूण खालच्या ओळीबरोबर वरच्या ओळीवरही पडली होती. सहीचा कागद पाहिला. सही खालच्याचीच होती. खूण माझ्याच हातची असल्यामुळे कोणावर रागावण्याची सोय नव्हती. वरची खोडून बाजूला सही केली आणि शिल्लक पाच लिहिली.

वरच्या ओळीतले पार्सल मांजरपाटात शिवलेले होते. असे हल्ली क्वचितच येते. माझी आई मामाकडे पार्सल पाठवताना दाभणाने असेच जाड टाके घालायची आणि पत्ता लिहिण्यासाठी कॉपिंग पेन्सिल जिभेला लावायची. मग दिवसभर तिची जीभ जांभळी दिसायची आणि आम्ही भावंडे तिला पुन्हा पुन्हा जीभ दाखवायला लावायचो.

या पार्सलावर पोस्टमनचा तीन वेळा एकच शेरा होता : ‘दार बंद’. शेरा खरा आहे. पोस्टमन अकराच्या सुमारास त्या गावी पोहोचतो आणि कापूस वेचणीच्या दिवसांत त्या वेळी घरी असणार कोण? मागे एका बाईने मला खिडकीतूनच सुनावले होते, “वेचनीत सकायी कोन घरी राह्यते, बाबू?” पार्सल सात दिवस ठेवायचे, मग परत पाठवायचे, हा नियम. उद्या सातवा दिवस.

उद्या आमच्याकडचा बाजारही आहे. बाजाराच्या दिवशी मजूर शेतात जात नाहीत, सगळे गाव इकडे लोटते, आणि पोस्टमनने दाराच्या फटीतून सरकवलेली चिठ्ठी कोणी वाचून दाखवली असेल, तर ज्या बाईचे हे पार्सल, ती बाजाराची थैली घेऊन खिडकीशी येईलही. मी ते पार्सल कपाटाच्या पुढच्या कडेला, हाताशी ठेवले, पाचही पुन्हा एकदा मोजली आणि कुलूप लावले.