कोठीतली रिळं आणि मे महिन्याचं ऊन

फेब्रुवारीच्या शेवटी मोठेबाबांचा फोन आला. "अबे, कोठी रिकामी करून राह्यलो. भंगारवाला सोमवारी येते. आबाजींच्या मशिनी पाह्यच्या असतील तर येऊन जा."

आमचं गाव आर्वी तालुक्यात. आबाजींची टुरिंग टॉकीज होती. तंबू, बाकडी, जनरेटर आणि सिनेमा दाखवायच्या दोन मशिनी बैलगाडीत घालून ते यात्रांमधून फिरायचे. मी ती टॉकीज पाहिलेली नाही, फक्त ऐकलेली आहे. कोठीला टिनाचं छत, एकच झरोका, आणि मे महिन्यात आत उभं राहवत नाही. त्याच खोलीत पत्र्याच्या पेटीत फिल्मचे नऊ डबे पन्नासेक वर्षं पडून होते. शेजारी सोयाबीनची पोती, आणि दारातच मोठेबाबांची बिडी ओढायची जागा.

मी गेलो तो मशिनींसाठी. पण नागपूरला एका जुन्या ऑपरेटरकाकांशी बोललो होतो, त्यांनी मशिनीबद्दल चकार शब्द विचारला नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "रिळं पस्तीसची आहेत का सोळाची?" आणि दुसरा, "छत कशाचं आहे?"

त्यांच्या प्रश्नांचा अर्थ असा. १९५० च्या आसपासपर्यंत ३५ एमएमची बरीच फिल्म नायट्रेटची, म्हणजे नायट्रोसेल्युलोजची असायची. स्फोटक म्हणून वापरतात त्या बंदुकीच्या कापसाची ती सख्खी बहीण. ती जळते तेव्हा ऑक्सिजन तिच्या स्वतःतूनच निघतो. त्यामुळे वाळू टाका, घोंगडं टाका, पाणी मारा, ती जळतच राहते, आणि वर विषारी धूर सोडते. चांगल्या स्थितीतली नायट्रेट फिल्म पेटायला १३० अंशांच्या पुढे तापमान लागतं. पण सडलेली, दाबून बंद केलेली रीळ बरेच दिवस ४१ अंशांच्या आसपास राहिली तर आपोआप पेटू शकते. आमच्याकडे बाहेर सावलीतच ४५ असतं. टिनाखालचं तर विचारूच नका. पुण्यात २००३ च्या जानेवारीत राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली होती, ती तर थंडीच्या महिन्यात.

म्हणून डबे कोठीत उघडायचे नाहीत, एवढं ठरवलं. पहाटे सहाला एकेक डबा उचलून घरापासून लांब, निंबाखाली ओळीनं ठेवला. आजूबाजूला पऱ्हाटीचा ढिगारा नाही, चूल नाही. बिडी ओढायला मोठेबाबांना गोठ्यापलीकडे पाठवलं. ते कुरकुरले, "पन्नास वर्षं काही झालं नाही, आताच काय होते बे?"

पहिलं काम रुंदी मोजणं. शाळेतली पट्टी पुरते. नऊपैकी पाच डब्यांतल्या पट्ट्या १६ मिलिमीटरच्या निघाल्या. चौकटीमागे एक भोक आणि भोकं एकाच बाजूला, म्हणजे आवाजाची फिल्म. १६ एमएम कोडॅकनं १९२३ मध्ये बाजारात आणली ती घरी, शाळेत दाखवायला, आणि घरात नायट्रेट नको म्हणून पहिल्यापासून सहजी न पेटणाऱ्या ॲसिटेटच्या पायावर, म्हणजे 'सेफ्टी' फिल्मवर. पाच डब्यांची आगीची काळजी नुसत्या पट्टीनं मिटली.

मात्र त्यातल्या दोघांना व्हिनेगरचा उग्र वास येत होता. ॲसिटेटची फिल्म कुजते तेव्हा ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि तेच ॲसिड कुजणं आणखी वाढवतं. ही फिल्म सहजी पेटत नाही, पण शेजारच्या चांगल्या फिल्मला बिघडवते. किती बिघडली हे पाहायला शंभर भोकांचं अंतर मोजलं. नव्या १६ एमएमच्या फिल्ममध्ये ते ७६२ मिलिमीटर असतं. आमच्या एका रिळात ७५४ भरलं, म्हणजे एका टक्क्याहून थोडी जास्तच आखडली होती. अशी फिल्म मशिनीवर चढवली तर दाते भोकांत बसत नाहीत आणि ती फाटते. पुतण्याचा "लावून तर पाहू" हा हट्ट तिथंच संपला. ते दोन डबे वेगळ्या खोलीत गेले.

उरले चार डबे, सगळे ३५ एमएमचे. चौकटीमागे चार भोकं, दोन्ही बाजूंना. खरी चाचपणी इथून सुरू झाली.

एक रीळ पूर्ण गुलाबी पडलेलं होतं. रंगीत फिल्म होती, त्यातला निळा आणि पिवळा उडून लाल तेवढा राहिला होता. हे पाहून मला बरं वाटलं. असा गुलाबी होणारा ईस्टमन कलर १९५० पासूनचा, आणि सुरुवातीपासून सेफ्टी फिल्मवरच. दुसऱ्या रिळाच्या कडेवर इंग्रजीत 'कोडॅक सेफ्टी' आणि पुढे एक छोटं वर्तुळ होतं. कोडॅक कडेवर खुणा छापून फिल्म कोणत्या साली बनली ते सांगायची, पण त्याच खुणा दर वीस वर्षांनी पुन्हा यायच्या. एकटं वर्तुळ म्हणजे १९१६, १९३६, १९५६ किंवा १९७६. बोलपट असल्यानं १९१६ बाद. ३५ एमएमची सिनेमाची प्रिंट सेफ्टीवर, म्हणजे १९३६ ही जवळपास बाद. राहिलं १९५६, नाहीतर १९७६. एक लक्षात ठेवायचं, हे साल कोरी फिल्म बनल्याचं आहे. सिनेमा त्याआधीचाही असू शकतो, कारण जुन्या सिनेमाची नवी प्रिंट निघायचीच.

तिसऱ्या रिळानं मात्र घाम फोडला. कडेवर ठळक 'नायट्रेट' लिहिलेलं. मी डबा ठेवून चार पावलं मागे सरलो. ऑपरेटरकाकांना फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, "अक्षरं काळी आहेत का पांढरी?" नीट पाहिलं. काळ्या कडेवर पारदर्शक अक्षरं होती. ते हसले. प्रिंट काढताना निगेटिव्हच्या कडेवरची अक्षरंही उलट्या रंगात उतरतात. म्हणजे मूळ निगेटिव्ह नायट्रेटची होती, ही प्रिंट नव्हे. फिल्मची स्वतःची अक्षरं स्वच्छ कडेवर काळी असतात. भिंग घेऊन पुढे सरकलो तेव्हा त्याच कडेवर काळ्या, बारीक अक्षरांत 'सेफ्टी' सापडलं. ज्याला हे माहीत नाही तो चांगली रीळ फेकून देईल. आणि उलट चूक झाली तर ती याहून महाग पडेल.

चौथा डबा सगळ्यात गंजलेला. झाकणाखाली तपकिरी पूड होती, ती मी गंजाची समजलो. पहिली पट्टी स्वच्छ, काळ्या अक्षरांत 'सेफ्टी'. मी यादीत 'सुरक्षित' लिहिणार होतो. एवढ्यात रीळ आडवी धरली तर बाजूनं दिसणाऱ्या करड्या थरांमध्ये मधातच एक पिवळसर तपकिरी पट्टा दिसला, झाडाच्या खोडातल्या वळ्यासारखा.

मोठेबाबा तोवर परत आले होते. म्हणाले, "आबाजी जोड मारत जाय ना. गिरडच्या यात्रेत फिल्म तुटली, की दुसऱ्या रद्दी प्रिंटीचा तुकडा कापून चिकटवून देत. लोक बोंबलले तर बोंबलू दे."

तेच होतं. हातमोजे घालून हळूहळू उलगडत गेलो. चाळीसेक वेढ्यांनंतर जोड आला, आणि जोडाच्या पलीकडे स्वच्छ कडेवर काळ्या अक्षरांत 'नायट्रेट'. पुढचे वेढे एकमेकांना चिकटलेले, हात लावला तर मधासारखे चिकट. झाकणाखालची पूडही गंजाची नव्हती. नायट्रेट फिल्म सडत सडत शेवटी तपकिरी पूडच होते. वासानं हे आधीच कळायला हवं होतं, कारण नायट्रेटमध्ये कापूर मिसळलेला असतो आणि सडताना त्यावर उग्र, आंबट वास चढतो. पण काकूनं कधीतरी पेटीत डांबरगोळ्या टाकल्या होत्या. त्या वासापुढे नाकाचं काय चालणार! आणि तुकडा तोडून पेटवून पाहायची जी चाचणी लोक सांगतात, ती मी केली नाही. निंबाखाली डबे असताना काडी ओढणं मला शहाणपणाचं वाटलं नाही.

पुण्याच्या फिल्म संग्रहालयात फोन करून फोटो पाठवले. जोडाच्या अलीकडची सेफ्टी पट्टी कापून वेगळी ठेवा, चिकटलेला भाग उलगडायचा प्रयत्न करू नका, तो वाचणार नाही, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. एसटीत किंवा कुरियरनं काही पाठवायचं नाही, हेही बजावलं. नायट्रेट फिल्म साठवायला नियम आहेत, १९४८ चे सिनेमॅटोग्राफ फिल्म रूल्स, आणि ते पाहणाऱ्या स्फोटके खात्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. हे कळल्यावर मोठेबाबा पहिल्यांदा गंभीर झाले.

सडलेला गोळा आम्ही लोखंडी ड्रममध्ये पाण्यात बुडवला. आग विझवायला नव्हे, त्याला पाणी पुरत नाही. पाण्यात असेपर्यंत तो वाळत नाही, तापत नाही, एवढ्यासाठी. झाकण सैल ठेवलं, कारण सडताना निघणारा वायू कोंडला तर सडणं आणखी वेगात होतं. ड्रम शेतातल्या जुन्या मातीच्या भिंतींच्या खोलीत, घर, गोठा आणि मोटारीच्या वायरी यांपासून दूर. चांगली सेफ्टी रिळं घरातल्या आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, आडवी.

मशिनींचं सांगायचं राहिलं. १६ ची मशीन ११० व्होल्टची आहे. तिचा जड ट्रान्सफॉर्मर भंगारात द्यायला वेगळा काढून ठेवला होता, तो परत घेतला. ट्रान्सफॉर्मरशिवाय भिंतीच्या सॉकेटला लावली असती तर पहिल्याच झटक्यात गेली असती. ३५ ची मशीन कार्बन आर्कची, म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीच्या उजेडावर चालणारी. रीळ ठेवायच्या तिच्या पेट्या बंद लोखंडी आहेत, आणि फिल्म बाहेर येते तिथं घट्ट रोलर आहेत, दिव्यासमोरच्या खिडकीशी फिल्म पेटली तर आग पेटीत शिरू नये म्हणून. दिव्याच्या घरातल्या वायरींवर पांढरट तंतूंचं वेष्टण आहे. त्या काळी तिथं ॲसबेस्टॉस वापरत, म्हणून ते आम्ही खरवडलं नाही, पिशवीनं झाकून ठेवलं.

भंगारवाला सोमवारी आला. त्याला तंबूचे गंजलेले खांब दिले. ड्रम न्यायची परवानगी अजून यायची आहे. तोवर मोठेबाबा रोज सकाळी ढोरांना पाणी पाजून झालं, की ड्रममधलं पाणी पाहतात, कमी झालं असेल तर बादलीभर ओततात, आणि मग बांधापलीकडे जाऊन बिडी पेटवतात.