डायपर रॅश: जांघेची घडी उघडून बघेपर्यंत

"डायपर रॅशसाठी अपॉइंटमेंट लागत नाही हो, झिंकची क्रीम लावा, दोन दिवसांत जाईल." क्लिनिकच्या काउंटरवरचं हे वाक्य मला आता पाठ झालंय. सांगणाऱ्या बाईंचा आवाज गोड होता, सल्लाही चुकीचा नव्हता. फक्त तो आमच्या लेकीच्या रॅशला लागू नव्हता, आणि हे ओळखायला तिच्या मांडीची घडी उघडून बघण्यापलीकडे काही लागत नाही. तेवढं कुणी करेना, म्हणून हे लिहायला बसलो.

सुरुवात अगदी साधी होती. कानाच्या संसर्गासाठी अँटिबायोटिक सुरू झालं आणि त्यामागोमाग पातळ शी. कुल्ले लाल झाले, पोटाचा खालचा भाग आणि मांड्यांचा उंचवटाही. जांघेच्या घड्या मात्र स्वच्छ होत्या. पाय वर उचलून घडी उघडली की आत नेहमीच्या रंगाची कातडी दिसायची, जणू तिथे पट्टी ठेवून बाकीचं रंगवलंय. हा साधा डायपर रॅश. शू आणि शी एकत्र आली की शीतले जिवाणू शूमधल्या युरियाचं अमोनिया करतात, त्वचेचा नैसर्गिक आम्लपणा कमी होतो आणि शीतली पचनाची एन्झाइम्स कातडीवर जास्त जोरात काम करू लागतात. त्यात ओल आणि डायपरचं घासणं. म्हणजे जिथे ओला डायपर टेकतो तिथेच लाली येते. घडीच्या आत कातडी कातडीला चिकटलेली असते, तिथे डायपर पोचत नाही, म्हणून ती सुटते.

अशा रॅशला झिंक ऑक्साइडचं घट्ट मलम किंवा पेट्रोलियम जेली, पटापट डायपर बदलणं आणि थोडा वेळ उघडं ठेवणं एवढं पुरतं. आम्हीही तेच केलं. कुल्ल्यांची लाली खरंच फिकी पडली. पण जांघेत दुसरंच काहीतरी सुरू झालं.

आमची खरी गाडी अडली ती इथे. घड्यांच्या आत गडद, ओलसर, मांसासारखा लाल रंग भरला. कडा स्पष्ट होत्या, आणि कडेबाहेर चांगल्या कातडीवर बारीक लाल ठिपके, मुख्य भागापासून सुटे सुटे. काहींच्या टोकाला पिवळट पाण्याचा फोड. फोड फुटला की कडेने पातळ साल सुटून बारीक गोल रिंगण राहायचं. डायपर बदलताना पुसलं की लेक पाय आवळून घ्यायची आणि आवाज असा काढायची की शेजारी ऐकू जावा.

मी फोन केला. काउंटरवरून तेच उत्तर. मी म्हटलं, "क्रीम लावतोय, पण घड्यांमध्ये वाढतंय." पलीकडून, "नवीन बाबांना असं वाटतंच." हे वाक्य ऐकून जो संताप आला तो अजून पूर्ण उतरलेला नाही. मग म्हणाल्या, फोटो पाठवा. पाठवला. तिकडून उत्तर आलं, "डॉक्टरांनी बघितलं, डायपर रॅशच आहे, क्रीम चालू ठेवा." फोटो पुन्हा उघडून बघितला तेव्हा कळलं की उत्तर असं का आलं. लेक पाठीवर, पाय सैल. त्या फोटोत कुल्ले आणि पोट दिसतं, घडी ही फक्त एक रेघ. त्या फोटोवरून मीही तेच म्हणालो असतो. पण फोटो पुरेसा आहे का, घड्यांमध्ये काय आहे, हे कुणी विचारायचं? "घड्या लाल आहेत का?" हा एक प्रश्न फोनवर विचारायला अर्धं मिनिट लागतं. तो त्या दिवशी कुणी विचारला नाही, त्यानंतरच्या फोनवरही नाही. तोवर झिंक थापणं चालू होतं. घडीतलं प्रकरण पुढे बुरशीचं निघालं, आणि झिंकला बुरशीचं काही वाकडं करता येत नाही. तो फक्त ओल आणि कातडी यांच्यात आडवा उभा राहतो.

दरम्यान घरात दुसरीच टूम निघाली. नात्यातल्या एका काकूंनी एक ट्यूब आणून दिली, "एकाच मलमात तीन औषधं आहेत, लगेच गुण येतो." मागे बारीक अक्षरात बुरशीविरोधी औषध, अँटिबायोटिक आणि एक जोरदार स्टेरॉइड. काकूंचं मन दुखवायचं नव्हतं, पण ट्यूब कपाटातच राहिली. जोरदार स्टेरॉइड डायपरच्या आत लावलं की ते झाकणाखाली लावल्यासारखं होतं, तान्ह्या पातळ कातडीतून ते रक्तात जास्त शिरतं. कातडी पातळ पडते, आणि फार दिवस वापरलं तर शरीराच्या स्वतःच्या स्टेरॉइड तयार करण्यावरही परिणाम होऊ शकतो. बरं, लाली पटकन ओसरते, म्हणून औषध लागू पडलंय असं वाटतं. डॉक्टर कधीकधी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन थोडे दिवस देतात, ती गोष्ट वेगळी.

शेवटी बायको फोनवर म्हणाली, "रॅशला अपॉइंटमेंट देऊ नका, पण कानाचं औषध संपलंय तर कान तपासायला येतोच आहोत." त्यावर लगेच वेळ मिळाली. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

डॉक्टरबाईंनी कान बघितले आणि मी काही सांगायच्या आत लेकीचे गुडघे पोटाकडे नेऊन घड्या दोन बोटांनी रुंद केल्या. "कँडिडा. हे यीस्ट आहे, एक प्रकारची बुरशी." एवढ्यावर न थांबता त्यांनी जीभ आणि गालाची आतली बाजू टॉर्च लावून बघितली. तोंडातही तीच बुरशी असेल तर पांढरे डाग असतात, दुधाचे असले तर पुसले जातात, बुरशीचे सहज निघत नाहीत. आमच्या लेकीच्या तोंडात काही नव्हतं. बायकोला विचारलं, दूध पाजताना स्तनाग्रं दुखतात का, लाल आहेत का. तसं असतं तर आई आणि बाळ दोघांचा उपचार एकदम करावा लागला असता, नाहीतर एकीकडून दुसरीकडे जातच राहतं.

मी विचारलं, हे आलं कुठून? त्या म्हणाल्या की हे यीस्ट बहुतेकांच्या आतड्यात असतंच, शीबरोबर कातडीवर येतं. अँटिबायोटिक घेतलं की त्याला दाबून ठेवणारे जिवाणू मरतात, आणि आधीच सोललेली, ओली, उबदार घडी मिळाली की ते तिथे बस्तान बसवतं. म्हणूनच साधा रॅश तीन दिवसांच्या पुढे चालला की त्यात यीस्ट शिरलंय का हा विचार करायचा. खात्री हवी असेल तर कडेवरची साल खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आमच्या बाबतीत गरज नव्हती, सुटे ठिपके बोलत होते.

एक गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली. घडी लाल म्हणजे यीस्टच, असं नाही. घाम आणि घासण्यानेही घडी लाल होते, पण तेव्हा बाहेर सुटे ठिपके नसतात. सोरायसिस आणि सेबोऱ्हिक त्वचादाहसुद्धा घड्या धरतात. आणि शीच्या जागेभोवतीच चकचकीत लाल, स्पष्ट कड्याचं कडं असेल, बाळ शी करताना रडत असेल, तर स्ट्रेप जिवाणूचा संसर्ग असू शकतो, त्याला बुरशीचं मलम चालत नाही. उलटंही खरं आहे, साधा रॅश फार वाढला तर घडीतही शिरतो. म्हणजे घडी ही पहिली खूण, ठिपके दुसरी.

उपचार ऐकायला सोपा, करायला थोडा किचकट. आमच्यासाठी एक टक्का क्लोट्रिमॅझोल, दिवसातून दोनदा, पातळ थर, घडीच्या तळापर्यंत आणि शेवटच्या ठिपक्याच्या थोडं पलीकडेपर्यंत. काही ठिकाणी निस्टॅटिन देतात, ते जास्त वेळा लावावं लागतं. आधी बुरशीचं मलम, ते मुरलं की वर झिंक. उलटं केलं तर औषध कातडीला लागतच नाही. काही दिवसांत ठिपके कोमेजले, मग घडीचा रंग उतरला. कातडी नॉर्मल दिसायला लागली म्हणून लगेच थांबवू नका, आम्हाला सांगितलं होतं की साफ झाल्यावरही आणखी काही दिवस लावा.

हे आधीच सांगायचं राहिलं: प्रत्येक वेळी झिंक खरवडून काढायचा नाही. शी लागलेला वरचा थर तेवढा पुसायचा, उरलेल्यावर नवा थर द्यायचा. घासून साफ करण्याच्या नादात आम्ही कितीतरी पालक कातडी सोलताना बघितलेत. काढायचाच असेल तर कापसाला थोडं खनिज तेल लावून. वाइप्स सुगंधाचे किंवा अल्कोहोलचे असतील तर नुसतं कोमट पाणी बरं, मग घडीत हलक्या हाताने टिपून कोरडं. पावडर लावायची नाही, उडून श्वासात जाते.

ज्या बाळांची कातडी सावळी आहे त्यांच्यात लाली ठळक दिसत नाही, जांभळट किंवा गडद तपकिरी छटा दिसते. तिथे रंगापेक्षा ठिपके, साल आणि ओलसरपणा बघा.

आणि फोटो पाठवायचा झाला तर असा: दिवसाच्या उजेडात, एक जण गुडघे पोटाकडे धरतो, दुसरा घडी रुंद करून फोटो काढतो, कडेबाहेरचे ठिपके चौकटीत येतील इतका जवळून. फोनवर "रॅश" म्हणू नका. म्हणा, "जांघेच्या घड्यांच्या आत लाल आहे, बाहेर सुटे ठिपके आहेत, झिंक लावून तीन दिवस झाले, मध्ये अँटिबायोटिक झालंय." ताप, फोड, पू, रक्त येणं किंवा पुरळ डायपरच्या बाहेर पसरणं यातलं काही असेल तर फोटोत वेळ न घालवता थेट दाखवायला न्या. काउंटरवर ऐकत नसतील तर कानाचं निमित्त आहेच.