चॅटचा बॅकअप खरोखर झाला आहे का?

दृष्टिबाधित वापरकर्त्यांना फोनवरून तांत्रिक मदत करणे हे माझे काम आहे. त्या दिवशी बोलणारे गृहस्थ निवृत्त संगीतशिक्षक होते. ते दुसऱ्या दिवशी जुना फोन देऊन नवा घेणार होते आणि विद्यार्थ्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले गाण्याचे ध्वनिसंदेश त्यांना गमवायचे नव्हते. ‘‘बॅकअप रोज होतो, मी स्वतः ऐकलंय. तुम्ही फक्त खात्री करून द्या,’’ असे त्यांनी सांगितले.

सुरुवातीला मी त्यांना स्पीकर चालू करायला सांगितले. फोन कानाला लावला की स्क्रीन बंद होते, आणि स्पीकर चालू असला की टॉकबॅकचा, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या अँड्रॉइडमधल्या सोयीचा, आवाज मलाही ऐकू येतो. मात्र त्या आवाजात प्रोफाइलचे नाव आणि ईमेल पत्ताही मोठ्याने वाचला जातो, म्हणून जवळपास कुणी आहे का, हेही मी आधी विचारून घेते.

‘उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके’ अशी सूचना येथे निरुपयोगी ठरते. त्यामुळे एक बोट डावीकडून उजवीकडे सरकवत पुढच्या घटकावर जायचे, अपेक्षित शब्द ऐकू आले की दोनदा टॅप करायचे आणि मला ते शब्द सांगायचे, अशी आमची पद्धत ठरली. व्हॉट्सॲपच्या मुख्य स्क्रीनवर ‘More options’, त्यातून ‘Settings’, मग ‘Chats’ आणि त्या यादीच्या तळाकडे ‘Chat backup’ असा मार्ग होता. पहिल्या प्रयत्नात सर फोनच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये गेले. टॉकबॅकने वायफाय आणि ब्लूटूथ वाचायला सुरुवात केली तेव्हा ते माझ्या लक्षात आले. नाव एकच असल्याने असा घोळ नेहमी होतो.

‘Chat backup’ उघडल्यावर टॉकबॅकने ‘Last Backup’ हे शीर्षक वाचले, त्यानंतरचा स्पष्टीकरणाचा परिच्छेद वाचला आणि पुढे ‘Local’ म्हणून त्याच दिवशीची पहाटे दोनची वेळ सांगितली. ‘‘बघा, झालाय ना!’’ असे म्हणून सर मागे फिरणार, एवढ्यात मी त्यांना आणखी एकदा बोट उजवीकडे सरकवायला सांगितले. पुढची ओळ ‘Google Drive’ची होती आणि तिच्यातली तारीख कित्येक महिन्यांपूर्वीची होती.

व्हॉट्सॲप अँड्रॉइड फोनवर रोज पहाटे दोनच्या सुमारास चॅटची एक प्रत आपोआप तयार करते, पण ती फोनच्याच साठवणीत राहते आणि फोन हातातून गेला की तीही जाते. गूगल ड्राइव्हवरची, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीतली, प्रत स्वतंत्र असते व ती कधी घ्यायची हे वेगळे ठरवावे लागते. डोळस माणसाला दोन्ही ओळी एका नजरेत दिसतात. टॉकबॅकवर त्या एकामागून एक येतात, आणि पहिल्याच ओळीत समाधानकारक उत्तर मिळाले तर पुढे सरकण्याचे कारण कुणालाही वाटणार नाही. सरांनी आजवर ऐकले होते ते अगदी खरे होते, फक्त ते पहिल्या ओळीपुरते होते.

आता ड्राइव्हवरचा बॅकअप का थांबला, हे शोधायचे होते. त्याच स्क्रीनवर खाली ‘Back up to Google Drive’ या घटकावर जाताच कारण ऐकू आले: Only when I tap "Back up". म्हणजे बटण दाबल्याशिवाय काहीच वर जात नव्हते. दोनदा टॅप करून उघडलेल्या पर्यायांतून त्यांनी ‘Daily’ निवडले. मग मी त्यांना ‘Google Account’पर्यंत नेले, कारण नव्या फोनवर हेच खाते आणि हाच फोन नंबर नसेल तर हा बॅकअप तिथे सापडणार नाही. खाते त्यांचेच निघाले. गाणी व्हिडिओत नसून ध्वनिसंदेशांत असल्यामुळे ‘Include videos’ आम्ही बंदच ठेवले.

फोन वायफायला जोडला असल्याची खात्री करून सरांनी ‘Back up’ बटण दाबले, आणि टॉकबॅक गप्प झाला. ‘‘अडकलं वाटतं,’’ म्हणून ते ॲप बंद करायला निघाले. खरे तर त्यांच्या फोनवर टक्केवारी बदलत होती, पण टॉकबॅक ती आपणहून वाचत नव्हता. एक घटक पुढे जाऊन परत मागे यायचे, म्हणजे नवा आकडा ऐकू येतो, असे मी सांगितले. आकडा वाढलेला ऐकल्यावर त्यांची घाई थांबली.

प्रगतीची ओळ नाहीशी झाली, तरी तेवढ्यावरून काम फत्ते झाले असे मी मानत नाही, कारण जागा भरली किंवा नेटवर्क गेले तरीही बॅकअप मध्येच थांबू शकतो. म्हणून मी सरांना ‘Chats’वर मागे जाऊन, पुन्हा आत येऊन दोन्ही ओळी ऐकायला सांगितल्या. आता ‘Google Drive’च्या पुढे नुकतीच होऊन गेलेली वेळ होती. त्यापुढे ‘Size’ म्हणून आलेला आकडाही सरांनी ऐकून घेतला. त्यानंतर ते मला म्हणाले, ‘‘मॅडम, आता तुम्ही काही बोलू नका.’’ ॲप बंद करून, मुख्य स्क्रीनपासून सगळा मार्ग त्यांनी एकट्याने पुन्हा काढला आणि ‘Local’वर न थांबता पुढच्या ओळीवर गेले.