सलामीच्या भागीदारीची लाइन: सरासरीने केलेला घोळ

गेल्या आयपीएलमध्ये मी सलामीच्या भागीदारीची लाइन, म्हणजे ज्याच्या वर की खाली अशी पैज लागते तो धावांचा आकडा, आणि पहिला गडी कसा बाद होणार याचे भाव काढायला बसलो. सगळं वहीतच, कारण पैसे लावणं आपल्याकडे बेकायदा आणि मला त्यात रसही नाही. दादरहून लोकलने घरी येताना रोजचे आकडे भरायचो.

पहिली चूक लाइनमध्ये झाली. समजा एक सलामीवीर सरासरी 24 चेंडूंनी बाद होतो, दुसरा 20 चेंडूंनी. स्ट्राइक निम्मी-निम्मी धरली तर जोडी सरासरी 22 चेंडू टिकते. अवांतर धरून चेंडूमागे 1.35 धावा, म्हणजे साधारण 29.5. मी तीच लाइन लिहिली. 40 सामन्यांनंतर पाहिलं तर त्यापुढे गेलेल्या भागीदाऱ्या 15च. खूप वेळ मला वाटत होतं की फलंदाजांचे आकडेच चुकलेत. खरं कारण असं की एखादी शंभरीची भागीदारी सरासरी वर ओढते, पण बहुतेक जोड्या लवकर फुटतात. लाइनला सरासरी नको, मधला आकडा हवा: किती चेंडूंपर्यंत जोडी टिकण्याची शक्यता निम्मी उरते? दर चेंडूला गडी पडण्याची शक्यता 1/24 आणि 1/20 यांची सरासरी, म्हणजे 0.0458:

```
(1 - 0.0458)^15 ≈ 0.495
```

म्हणजे 15 चेंडू, 20 धावा. लाइन 20.5 हवी होती. नऊ धावांचा फरक!

बाद होण्याच्या प्रकारात वेगळीच फसगत. एक फलंदाज पॉवरप्लेमध्ये 20 वेळा बाद, त्यातले 4 पायचीत. समोरच्या डावखुऱ्या स्विंग गोलंदाजाचे 30 बळी, त्यातले 6 पायचीत. धावचीत आधीच बाजूला काढले होते, कारण ते गोलंदाजाच्या खात्यात नसतात. पॉवरप्लेमध्ये एरवी पायचीत 10 टक्के धरले. दोघांचं प्रमाण 20 टक्के, म्हणजे 1 ला 4; एरवीचं 1 ला 9. दोघांचे 1/4 एकमेकांना गुणून 1/9 ने भागले की 9 ला 16, म्हणजे उत्तर येतं 36 टक्के; भाव म्हणजे 1 भागिले शक्यता, 2.78.

हा भाव वेडेपणाचा होता. चार पायचीतांवर एवढा विश्वास? मग दोघांच्याही नोंदीत 40 सर्वसाधारण बळी, म्हणजे 4 पायचीत, मिसळले. फलंदाज 60 पैकी 8, गोलंदाज 70 पैकी 10. आता उत्तर 19 टक्क्यांच्या आत आलं.

तरीही ते पूर्ण उत्तर नव्हतं, आणि हे माझ्या सगळ्यात उशिरा लक्षात आलं. दोन सलामीवीर आणि नव्या चेंडूचे दोन गोलंदाज म्हणजे चार जोड्या. पहिला बळी नेमका याच जोडीतून जाण्याची शक्यता फार तर चौथा हिस्सा. उरलेल्या तीन जोड्यांना 10 टक्के धरले तर पहिला गडी पायचीत होण्याची शक्यता सुमारे 12 टक्के, रास्त भाव 8.2. पुढे धावचीतचा वाटा परत मिसळला की तोही थोडा वर सरकतो.

आता वहीत प्रत्येक सामन्यासाठी चारही जोड्यांच्या ओळी वेगळ्या लिहितो. तिसऱ्याच षटकात फिरकी येणार असं दिसलं, तर पाचवी ओळ वाढवतो.